भाड्याच्या फ्लॅटमधला फ्रीज पुन्हा बंद पडला: घरमालकांना मेसेज काय पाठवायचा आणि खर्च कुणी करायचा?

आमच्या फ्लॅटमधला फ्रीज नऊ महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडला. पहिल्या दोन वेळा आम्ही गपचूप पैसे भरले. तिसऱ्या वेळी भरले नाहीत, घरमालकांना मेसेज केला. तो मेसेज मी दोनदा पाठवला असं म्हणावं लागेल, कारण पहिल्याचा काही उपयोग झाला नाही.

आधी थोडी माहिती. मुलुंड पूर्वेला वन बीएचके, तिसरा मजला, २२ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. भाडं २७ हजार, डिपॉझिट एक लाख. घरमालक निवृत्त आहेत, चिपळूणला असतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. माणूस सज्जन, पण मेसेजला उत्तर द्यायला दोन दिवस लावणारा. फ्रीज त्यांचाच: सिंगल डोअर, १९० लिटरचा, घरात शिरलो तेव्हा चालू होता.

त्या दिवशी सकाळी ओट्याशी गेले तर फ्रीजखाली पाण्याचं थारोळं. आत इडलीचं पीठ फसफसून डब्याबाहेर आलेलं, सुरमईचे तुकडे मऊ पडलेले. मी वैतागून तिथूनच मेसेज टाकला: "काका, फ्रीज परत बंद पडलाय, काय करायचं?" उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं: "मेकॅनिकला दाखवा." म्हणजे आम्ही जिथल्या तिथेच. पैसे कोण देणार हे ना मी विचारलं होतं, ना त्यांनी सांगितलं होतं. आणि बिल ज्याच्या हातात पडतं तोच शेवटी पैसे देतो, हे आम्ही दोनदा अनुभवलं होतं.

खर्च कुणाचा हे फ्रीज कशामुळे बंद पडला यावर ठरतं. त्यामुळे कारण कळण्याआधी पैशांची गोष्ट काढली तर दोघंही अंदाजावर भांडतात. काका म्हणणार "तुमच्या वापराने बिघडला", मी म्हणणार "जुनाच होता", आणि दोघांकडेही पुरावा नाही. आधी कारण शोधायचं, मगच मेसेज लिहायला बसायचं.

मेकॅनिकला बोलावण्याआधी

घरच्या घरी दहा मिनिटांत बरंच कळतं. दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का ते बघा. लागत नसेल तर त्याच पॉइंटला मिक्सर लावून बघा. मिक्सरही फिरला नाही तर बिघाड फ्रीजचा नाही, पॉइंटचा किंवा एमसीबीचा आहे. तो वायरमनचा विषय, आणि घराचं वायरिंग हे तर सरळ घरमालकाचं काम.

दिवा लागतोय पण थंड होत नाही, असं असेल तर सिंगल डोअर फ्रीजच्या थर्मोस्टॅटच्या गोल बटणाकडे एकदा बघा. त्याच्या मधोमध डीफ्रॉस्टचं छोटं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो आणि लोकांना वाटतं फ्रीज गेला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा याच कारणासाठी मेकॅनिकला व्हिजिट चार्ज दिलाय, आणि तो अजून त्यांच्या जिभेवर आहे.

हे दोन्ही नसेल तर रात्री घर शांत झालं की फ्रीजच्या मागे कान लावायचा. आमच्याकडे असं होत होतं: "हूं" असा दबका आवाज पाच-सात सेकंद, मग "टक्", मग शांतता. दोन-तीन मिनिटांनी परत तेच. हा "टक्" म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर सुटल्याचा आवाज. कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर लावतो, सुरू होत नाही, करंट वाढतो, आणि तो जळू नये म्हणून हा छोटासा भाग वीज तोडतो. थंड झाला की परत जोडतो. मी मोबाइलवर या आवाजाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. त्याच व्हिडिओने पुढे बरंच काम सोपं केलं. व्हिडिओ झाला की स्विच बंद करून ठेवा. फ्रीज तसाच टक्टक करत ठेवला तर उरलासुरला कॉम्प्रेसरही जातो, आणि मग "बंद का केला नाहीत?" हा प्रश्न तुमच्यावर येतो.

रिले तीनदा का गेला

पहिल्या वेळी नाक्यावरच्या मेकॅनिकने रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, आणि ओव्हरलोड बदलून साडेसातशे घेतले. चार महिन्यांनी पुन्हा तेच, साडेआठशे. दोन्ही वेळा फ्रीज लगेच सुरू झाला, त्यामुळे आम्ही खूश. इथे आमची चूक झाली. रिले हा स्वस्त भाग, तो जुना होऊन एकदा जाऊ शकतो. पण काही महिन्यांत तोच भाग परत गेला तर दुखणं त्याच्यात नसतं, त्याच्या मागे असतं. एकतर व्होल्टेज फार खालीवर होतंय, नाहीतर कॉम्प्रेसर आतून जड झालाय आणि दर वेळी सुरू होताना जास्त करंट ओढतोय.

तिसऱ्या वेळी मी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं आणि आधीच सांगितलं, "भैया, पार्ट बदलू नका, आधी मोजून सांगा." त्याने पॉइंटला व्होल्टेज बघितलं, २२८. ते ठीक होतं. मग वायरला क्लॅम्प मीटर लावून फ्रीज सुरू केला. एवढा छोटा फ्रीज सुरळीत चालताना साधारण एक अँपिअरच्या आसपास करंट घेतो, सुरू होताना क्षणभर जास्त. आमचा सात-आठ अँपिअरवर गेला, तिथेच अडून राहिला आणि "टक्". नवा रिले लावून बघितला तरी तसंच. "मॅडम, कॉम्प्रेसर जाम है. रिले डालते रहोगे तो जलता रहेगा."

मग त्याने एक गोष्ट केली जी मला सुचलीच नसती. फ्रीझरच्या आत टॉर्च मारून तो अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बोट फिरवत राहिला. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाला, सुरीची खूण. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरच्या पत्र्यातूनच गॅसची नळी फिरते. बर्फ निघत नाही म्हणून लोक सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालतात, बारीकसं भोक पडतं आणि गॅस निघून जातो. अशा फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू राहतो, गरम होतो, पण आत थंडावा येत नाही. तसं झालं असतं तर खर्च आमचा होता आणि मी तक्रारही केली नसती. आमचा पत्रा गुळगुळीत निघाला. मी त्याचा फोटो काढला, मीटरवरच्या आकड्याचा काढला, आणि त्याच्याकडून बिलबुकाच्या पानावर दोन ओळी लिहून घेतल्या: कॉम्प्रेसर जाम, फ्रीझरला छेद नाही, व्होल्टेज २२८. सही आणि तारीख. व्हिजिटचे तीनशे मी दिले.

नवा कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी धरून त्याने ७,२०० सांगितले आणि लगेच कामाला लागायची तयारी दाखवली. मी थांबवलं, ते बरं झालं.

अॅग्रीमेंटमध्ये काय असतं

रात्री कपाटातून अॅग्रीमेंट काढलं. दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, घरातल्या सामानाच्या यादीत फ्रीज आहे का. आमच्या यादीत "पंखे ४, ट्यूबलाइट ५, गीझर १, रेफ्रिजरेटर १" असं होतं. यादीत असलेला फ्रीज म्हणजे ज्या घराचं भाडं आपण देतो त्या घराचाच भाग. यादीत नसेल आणि मालक म्हणाले असतील की "जुना आहे, हवा तर वापरा, नाहीतर काढून टाकतो", तर मागणीचा जोर बराच कमी होतो. मग तो त्यांचा उपकार.

दुसरी गोष्ट दुरुस्तीचं कलम. आमच्यात नेहमीचंच वाक्य होतं: भाडेकरूने केलेलं नुकसान भाडेकरूने भरून द्यायचं, सर्वसाधारण वापराने होणारी झीज सोडून. कॉम्प्रेसर जाम होणं हे झिजेत मोडतं. दाराचं हँडल तुटणं, आतला ट्रे फुटणं, सुरीने पडलेलं भोक हे नुकसान. दिवा बदलणं, रबर पुसून स्वच्छ ठेवणं, बर्फ वेळेवर काढणं ही रोजची निगा, आणि ती आपलीच. काही अॅग्रीमेंटमध्ये मात्र "सर्व उपकरणांची दुरुस्ती भाडेकरूकडे" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर पुढचं सगळं विनंतीच्या सुरात लिहायचं, हक्काच्या नाही.

कायद्याचा आधार थोडक्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ आणि १५२ प्रमाणे, वापरायला ताब्यात घेतलेली वस्तू एखादा शहाणा माणूस स्वतःची जशी सांभाळेल तशी सांभाळली असेल, आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर ती खराब झाल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येत नाही. भाड्याने दिलेल्या सामानालाही माझ्या मते हेच तत्त्व लागू व्हावं. पण काकांना पाठवलेल्या मेसेजमध्ये मी कलमं घातली नाहीत. चिपळूणच्या सत्तरीतल्या माणसाला व्हॉट्सअॅपवर कलम दाखवलं की तो आधी भाच्याला, मग वकिलाला फोन करतो. फ्रीज राहतो बाजूला.

अॅग्रीमेंटच रजिस्टर केलेलं नसेल तर घाबरून गप्प बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने रजिस्ट्रेशनची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ते नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

पाठवलेला मेसेज

दुसरा मेसेज मी रविवारी सकाळी दहाला पाठवला. काकांचं वर्तमानपत्र तोवर वाचून झालेलं असतं.

"काका, नमस्कार. काकूंची तब्येत आता कशी आहे?

फ्रीजबद्दल सविस्तर लिहिते. गुरुवार सकाळपासून तो बंद आहे. नऊ महिन्यांतली ही तिसरी वेळ. आधी दोनदा रिले बदलला, त्याचे मिळून १,६०० रुपये आम्ही दिले. ते मी मागत नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडून नीट तपासून घेतलं. कॉम्प्रेसर जाम झालाय, म्हणून रिले सारखा जातोय. व्होल्टेज बरोबर आहे आणि फ्रीझरला सुरी वगैरे लागलेली नाही. त्याने लिहून दिलेला कागद, फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ खाली पाठवते. व्हिजिटचे ३०० मी दिलेत.

त्याने कॉम्प्रेसर आणि गॅस मिळून ७,२०० सांगितलेत. फ्रीज अॅग्रीमेंटच्या यादीत आहे आणि हा बिघाड वापरातल्या झिजेचा आहे, त्यामुळे हा खर्च तुमच्याकडून व्हावा अशी विनंती. मी अजून काम सुरू करायला सांगितलेलं नाही.

एक महत्त्वाचं. फ्रीजचं बिल तुमच्याकडे असेल तर फोटो पाठवाल का? आतल्या स्टिकरवर २०१८ लिहिलंय. कॉम्प्रेसरची वॉरंटी शिल्लक असली तर तुमचे बरेच पैसे वाचतील. मॉडेल आणि सीरियल नंबरचा फोटोही जोडलाय.

बुधवारपर्यंत कळवाल का? तोवर आम्ही शेजारच्यांच्या फ्रीजवर दिवस काढतोय."

यातली बिलाची ओळ मला सगळ्यात कामाची वाटते. फ्रीजवर पूर्ण वॉरंटी बहुतेक वर्षभराचीच असते, पण कॉम्प्रेसरवर वेगळी, लांब मुदतीची वॉरंटी असते, कुठे पाच वर्षं, कुठे दहा. फ्रीजचा मालक तोच असेल तर भाडेकरू बदलला म्हणून ती संपत नाही. भाडेकरूला हे सुचत नाही, कारण बिल त्याच्याकडे नसतं. घरमालकाला सुचत नाही, कारण त्याला वाटतं वॉरंटी केव्हाच संपली. आणि नाक्यावरचा मेकॅनिक ते आपणहून कशाला सांगेल? त्याने एकदा नळी कापून बंद सिस्टिम उघडली की कंपनी हात वर करायला मोकळी. म्हणून बिल सापडेपर्यंत गॅसच्या नळीला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

दुसरं, मेसेजमध्ये तारीख दिली होती पण धमकी नव्हती. "नाहीतर भाड्यातून कापून घेईन" हे वाक्य माझ्या नवऱ्याने सुचवलं होतं, मी खोडलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये अशी तरतूद आहे खरी: जी दुरुस्ती मालकाने करायलाच हवी ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण ती भाडेपट्ट्याला, म्हणजे लीजला लागू होते. मुंबईत आपण सगळे ज्यावर राहतो तो परवाना, लायसन्स. त्यात परस्पर कमी भाडं भरलं तर हप्ता थकवल्याचा ठपका आपल्यावर येतो आणि मुदत संपताना डिपॉझिटच्या वेळी त्याचा हिशोब होतो. वळतं करायचंच असेल तर घरमालकाचं "हो" लेखी घ्या, मग करा. व्हॉट्सअॅपवर "ठीक आहे, पुढच्या भाड्यातून ७,२०० कमी करा" एवढं आलं तरी पुरे.

पुढे काय झालं

काकांचं उत्तर सोमवारी आलं, जरा फणकाऱ्याचंच. "आधीचे भाडेकरू तीन वर्षं होते, एकदाही बिघडला नाही. तुम्ही स्टॅबिलायझर लावला होता का?" मी लिहिलं, काका, स्टॅबिलायझर घरात आलो तेव्हा नव्हता, यादीतही नाही, आणि मेकॅनिकने व्होल्टेज मोजून २२८ लिहून दिलंय, कागद वर आहे बघा. त्यावर काही उत्तर नाही. संध्याकाळी मात्र एक फोटो आला: पिवळट पडलेलं बिल, कोपऱ्याला टाचणीचा गंज, तारीख नोव्हेंबर २०१८. खालच्या बारीक छापात कॉम्प्रेसरवर दहा वर्षं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. सीरियल नंबर आणि बिल दाखवल्यावर त्यांनी माणूस पाठवला. त्याने पुन्हा तेच मोजलं आणि नळी आधी कुणी कापली आहे का ते बघितलं. चार दिवसांनी कॉम्प्रेसर आला. तो फुकट. गॅस, फिल्टर ड्रायर आणि मजुरी मात्र वॉरंटीत येत नाही. त्यांचे ३,१०० झाले. फिल्टर ड्रायर म्हणजे नळीतला ओलावा टिपणारा छोटा तांब्याचा डबा. सिस्टिम उघडली की तो बदलावाच लागतो, त्यामुळे बिलात दिसला तर ती फसवणूक समजू नका. गॅस त्याने काट्यावर सिलिंडर ठेवून वजनाने भरला. आमचा आर-६००ए होता. तो इतका थोडा लागतो की अंदाजाने भरून चालत नाही, शिवाय ज्वालाग्राही. खिडकी उघडी ठेवायला लावली आणि शेगडी बंद.

जॉब शीटचा फोटो काकांना पाठवला. ७,२०० च्या जागी ३,१०० बघून त्यांचा सूर बदलला. तासाभरात यूपीआयने ३,१०० आले, त्यात माझे व्हिजिटचे तीनशे धरले नव्हते. मी ते मागितले नाहीत. आधीच्या सोळाशेसारखे सोडून दिले. तुम्ही मागू शकता, पण पहिल्या वेळीच घरमालकाला न कळवता केलेल्या खर्चाचे पैसे मागाहून मिळणं कठीण, कारण तेव्हा काय बिघडलं होतं याचा कागदच नसतो.

रिन्यूअलच्या वेळी मात्र एजंटला सांगून एक ओळ घालून घेतली: "यादीतील उपकरणांचा १,००० रुपयांपर्यंतचा किरकोळ दुरुस्तीखर्च भाडेकरू करेल, त्यावरील खर्च, तसेच सहा महिन्यांत तोच बिघाड पुन्हा झाल्यास होणारा खर्च, घरमालक करेल, भाडेकरूच्या हलगर्जीने झालेले नुकसान यात येत नाही." एजंट म्हणाला असं कुणी लिहीत नाही. काकांनी वाचलं, "सहा महिन्यांत" वर बोट ठेवून थोडा वेळ थांबले, आणि सही केली.

फ्रीज सुरू आहे. मागच्या आठवड्यात काकांचा आपणहून मेसेज आला: "बर्फ सुरीने काढू नका हं."